हॉलपासून बाल्कनीपर्यंत एकच फरशी

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दारातून आत पाऊल टाकलं की दोन बाय दोनच्या गुळगुळीत टाइल्स सुरू होतात आणि त्या थेट बाल्कनीच्या कठड्यापाशी संपतात. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, सगळीकडे तीच. माणसाला हे वेगवेगळे भाग वाटतात, कारण माणूस दारं आणि भिंती बघतो. कुत्र्याच्या आठ आठवड्यांच्या पिल्लाला मात्र पायाखाली काय लागतंय तेच आधी कळतं. त्याच्या लेखी सातशे चौरस फुटांचं आख्खं घर म्हणजे एकच थंड, सपाट मैदान असतं. त्यातला नेमका बाथरूमचा तुकडा शू करण्यासाठी आणि उरलेला नाही, हे त्याला कशावरून समजावं?

कुत्र्याच्या पिल्लाचं शूचं शिक्षण आपण त्याला घरी आणण्याच्या खूप आधी सुरू झालेलं असतं. पहिले साधारण तीन आठवडे त्याला आपलं आपण काही करता येत नाही. आई चाटते तेव्हा शू-शी होते आणि तीच ते साफही करते. पुढे पाय भरले की पिल्लू झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन बसायला लागतं. ही स्वच्छतेची ओढ उपजत असते. आणि सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास त्याच्या तळपायांना एका विशिष्ट पृष्ठभागाची सवय जडते. गवत, माती, कागद, कापड, जे रोज पायाखाली आलं ते ‘इथे करायचं’ या खात्यात जमा होतं. म्हणजे पिल्लू आपल्या दारात येतं ते नेमकं या सवयीच्या ऐन मध्यावर. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदास व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, त्यामुळे याहून लवकर सुरुवात करायची सोयही नाही आणि गरजही नाही.

म्हणून पिल्लू घेताना रंग, कान आणि शेपटी बघून झाली की एक प्रश्न विचारावा: हे आतापर्यंत कशावर शू करत होतं? वर्तमानपत्रावर वाढलेलं असेल तर जमिनीवर पडलेला प्रत्येक कागद, आणि कधीकधी मुलांची वहीसुद्धा, त्याच्या दृष्टीने शूची जागा आहे. जाळीच्या पिंजऱ्यात अनेक दिवस काढलेलं पिल्लू असेल तर काम जास्त आहे. तिथे झोपायची आणि शू करायची जागा एकच होती, लांब जाण्याची सोयच नव्हती, त्यामुळे ती उपजत ओढ बोथट झालेली असते. अशा पिल्लाला वेळ दुप्पट लागेल हे धरूनच चालावं. शेतावर किंवा अंगणात वाढलेलं पिल्लू मिळालं तर अर्धं काम आधीच झालेलं असतं.

आता जागा निवडायची. बाजारात सगळ्यात सहज मिळतात ते शू-पॅड. मऊ, कापसासारखे, खाली प्लास्टिक. ते ओल शोषतात हे खरं. पण पिल्लाच्या पायाला पॅड आणि पायपुसणं, पॅड आणि बाथरूमबाहेरची मऊ चटई, पॅड आणि आजीची जमिनीवर घातलेली गोधडी यांत फारसा फरक लागत नाही. पॅडवर उत्तम शिकलेलं पिल्लू पाहुण्यांच्या सतरंजीवर तितक्याच उत्तम रीतीने शू करतं आणि मग घरचे म्हणतात, ‘अहो, हे मुद्दाम करतं.’ मुद्दाम करत नाही. शिकवलेलं तेच करतं.

बाथरूमचा मोह मोठा असतो, कारण उतार असतो, जाळी असते, दोन तांबे पाणी ओतलं की झालं. पण तिथेही फरशी जवळपास घरातलीच, शिवाय ओली. पिल्लाने यातून धडा घेतला तर तो असा: गुळगुळीत फरशीवर शू करतात. मग फरशी पुसून ओली झाली की तिला बाथरूमचा वास-स्पर्श येतो आणि पिल्लू तिथेच बसतं. बाथरूमशिवाय पर्यायच नसेल, बाल्कनी नसेल किंवा ती खोलीत सामावली असेल, तर बाथरूममध्येच वेगळ्या पृष्ठभागाचा ट्रे ठेवावा. नुसती फरशी वापरू नये. कृत्रिम गवत दिसायला छान, पण ते थेट फरशीवर अंथरलं तर शू खाली साचते आणि चार दिवसांत वास मारते. ते घ्यायचंच तर खाली जाळीचा उंचवटा हवा आणि रोज धुणं हवं.

निर्णय घेण्याआधी खाली जाऊन एक चक्कर मारावी. सहा महिन्यांनी हा कुत्रा कशावर उभा राहणार आहे? सोसायटीत बाग नसली तरी बहुतेक ठिकाणी रस्त्याकडेला झाडाच्या बुंध्याभोवती मातीचं आळं असतं, कुठे मोकळ्या प्लॉटच्या कडेला गवत असतं. घरातला ट्रे त्याच जातीचा ठेवला की पुढचं स्थलांतर सोपं जातं. नुसते पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटच असेल तर तेही आधीच माहीत असलेलं बरं, कारण गवतावर शिकलेला कुत्रा सिमेंटवर शू करायला तासन् तास नकार देऊ शकतो. बहुतेक शहरी घरांसाठी आमचं मत माती-गवताच्या ट्रेच्या बाजूने आहे. घरात दुसरीकडे कुठेही माती नसते, त्यामुळे पायाची गल्लत होत नाही.

ट्रे असा करावा. दोन फूट बाय तीन फूट, कडा दीड-दोन इंचांहून उंच नको. याहून लहान घेतला की एक मजेशीर अडचण येते: पिल्लाला पुढचे दोन पाय गवतावर लागले की ‘आपण पोचलो’ असं वाटतं, मागचे पाय आणि खरी कारवाई मात्र बाहेर फरशीवर होते. त्यात पिल्लू बसण्याआधी एक-दोन गिरक्या घेतं, त्यालाही जागा लागते. ट्रेच्या तळाला भोकं पाडून तो दुसऱ्या उथळ ट्रेमध्ये ठेवावा. वरच्या ट्रेत नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा, मातीसकट. नर्सरीवाले मेक्सिकन लॉन चौरस फुटाच्या हिशेबाने कापून देतात. सहा चौरस फूट लागेल. ते कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे विचारून घ्यावं, पिल्लू ते चावणारच. शी लगेच उचलायची. संध्याकाळी साधारण एक लिटर पाणी शिंपडायचं, म्हणजे शूमधला नत्राचा भार पातळ होतो; नाहीतर गवत ठिपक्याठिपक्यांनी पिवळं पडून जळतं. खालच्या ट्रेतलं पाणी बाथरूमच्या जाळीत ओतावं. बाल्कनीच्या नळीतून सोडलं तर ते अनेक इमारतींत खालच्यांच्या बाल्कनीवर ठिबकतं आणि मग पिल्लाचा प्रश्न सोसायटीच्या मीटिंगमध्ये जातो.

दोन-तीन आठवड्यांनी गवत बदलावं लागतं. बदलताना जुन्यातला वितभर तुकडा नव्याच्या कोपऱ्यात ठेवून द्यावा, वास ओळखीचा राहतो. पावसाळ्यात ट्रे भिजत राहिला तर गवत सडतं आणि पिल्लूही चिखलावर पाय टाकायला कचरतं. तेव्हा तो आतल्या कोरड्या बाजूला ओढायचा.

बाल्कनीत दोन गोष्टी आधी तपासाव्यात. कठड्याच्या गजांतून आठ आठवड्यांचं पिल्लू सहज निसटू शकतं, म्हणून तळापासून दोन-अडीच फूट जाळी बांधून घ्यावी. आणि सरकत्या दाराची रुळाची पट्टी दोन-तीन इंच वर असते, तिच्यावर आखूड पायांचं पिल्लू अडखळतं. शू लागलेली, पट्टीपाशी अडलं, तिथेच बसलं, असं वारंवार होतं. पट्टीला लागून लाकडी फळी तिरकी ठेवली की हा प्रश्न संपतो. फळीऐवजी पायपुसणं टाकू नये, ते का हे वर आलंच आहे.

‘मग रोज खालीच का न्यायचं नाही?’ असं कुणीही विचारेल. कारण पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा मोठा काळ आहे. आजारी कुत्र्याच्या शीतून तो जमिनीवर पडतो आणि महिनोन् महिने तग धरतो. पिल्लाला लसीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी देतात आणि शेवटचा सोळा आठवड्यांच्या आसपास येतो. इतके डोस लागतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडं सुरुवातीला लसच निकामी करतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. त्यामुळे एक डोस झाला म्हणून रस्त्याकडेच्या मातीवर सोडणं हा जुगार आहे. कडेवर घेऊन खाली जावं, रिक्षा, गर्दी, पाऊस दाखवावा, पण पाय जमिनीला लागू देऊ नयेत. म्हणजे पहिले दोन महिने तरी शूचा सगळा कारभार घरातच.

आता वेळ. महिन्यांच्या वयात एक मिळवावा, तितके तास पिल्लू शू धरतं, असा एक ठोकताळा सांगतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. हा आकडा झोपलेल्या पिल्लाचा आहे, तेही फार तर. जागं आणि खेळतं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासात भरतं, आणि जोरात पळापळ चालू असेल तर वीस मिनिटांतही. त्यामुळे घड्याळापेक्षा प्रसंग धरून चालणं सोपं जातं: झोपेतून उठल्या उठल्या लगेच, जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत, पाणी प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, आणि खेळाच्या मध्येच एकदा. जेवणानंतर शी लागते, कारण पोटात अन्न पडलं की आतडं पुढचं हलवू लागतं. म्हणूनच जेवण ठरल्या वेळी द्यायचं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पंधरा मिनिटांनी भांडं उचलायचं. दिवसभर भरलेलं भांडं समोर असेल तर शी कधी येणार हे कुणालाच सांगता येत नाही. आणि दूध-पोळी बंद. दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि पातळ शी धरून ठेवणं पिल्लाच्या हातात नसतं. पाणी मात्र तोडू नये, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच.

ट्रेवर नेताना पहिले काही दिवस पिल्लाला उचलूनच न्यावं. चालत गेलं तर वाटेत बसतं. ट्रेवर ठेवायचं, आपण शेजारी गप्प उभं राहायचं. फोन बघितला तरी चालेल, पण पिल्लाशी खेळायचं नाही. ते बसू लागलं की हळू आवाजात एकच शब्द, ‘शू कर’ किंवा जो घरात ठरेल तो, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच. संपलं, उभं राहिलं, की लगेच, एक-दोन सेकंदांत, उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. शाकाहारी घरात पनीर चालेल. हा तुकडा ट्रेच्या शेजारीच द्यायचा. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडेपर्यंत पिल्लाच्या मते बक्षीस डब्याकडे धावत आल्याचं असतं. आणखी एक बारीक चूक इथेच होते. शू सुरू होताच आपल्याला आनंद होतो आणि आपण ‘शाब्बास!’ म्हणून ओरडतो. पिल्लू दचकून मध्येच थांबतं, शेपटी हलवत आत येतं आणि उरलेली अर्धी शू हॉलमध्ये करतं. आनंद दहा सेकंद गिळून टाकावा.

एक घर डोळ्यांसमोर आणू. चौथा मजला, दोन बेडरूम, आठ आठवड्यांची लॅब्रॅडोर पिल्ली, वजन पाच किलोच्या आसपास, घरात आल्याचा पाचवा दिवस. फ्रिजवर कागद लावलेला आहे आणि प्रत्येक शू-शी वेळेसकट त्यावर लिहिलेली आहे. (हा कागद लावायचा कंटाळा करू नये, डोक्यात काहीही राहत नाही.) सकाळी पावणेसहाला उठली, ट्रेवर शू. साडेसहाला खाणं, पावणेसातला ट्रेवर शी. सव्वासातला पुन्हा शू, मग साडेनऊपर्यंत झोप, उठताच ट्रे. साडेदहाला खाणं, अकराच्या आत शी. इथवर सगळं निर्विघ्न. अकरा चाळीसला स्वयंपाकघराच्या दारातल्या पायपुसण्यावर शू. दुपार पुन्हा बरी जाते: झोप, दोन वाजता ट्रे, अडीचला खाणं, पावणेतीनला शी, मग झोप आणि साडेचारला ट्रे. आणि संध्याकाळी सहा पाचला हॉलमध्ये, साडेसहाला पुन्हा हॉलमध्ये, सहा पंचावन्नला सोफ्यामागे. दिवसाला चार चुका. घरचे म्हणणार, ‘सकाळी शहाणी असते आणि संध्याकाळी बिघडते.’

कागद वेगळं सांगतो. अकरा चाळीसला मावशी लादी पुसत होत्या आणि पिल्ली ओल्यावरून पळू नये म्हणून बाल्कनीचं दार लावलेलं होतं. तिला शू लागली, दाराशी जाऊन आली, मऊ काहीतरी शोधलं आणि पायपुसणं सापडलं. उपाय दोन: मावशी येण्याच्या आधी दहा मिनिटं पिल्लीला ट्रेवर नेऊन आणायचं, आणि महिनाभर घरातली सगळी पायपुसणी व छोट्या चटया उचलून ठेवायच्या. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं.

संध्याकाळचं तिहेरी प्रकरण अधिक शिकवण्यासारखं आहे. साडेपाचला मुलगा शाळेतून आला आणि खेळ सुरू झाला. पस्तीस मिनिटांनी, सहा पाचला, पहिली शू. खेळताना वीस मिनिटांनी एकदा ट्रे हवा होता, तो झाला नाही. हे सरळ आहे. मग घरच्यांनी सावध होऊन सहा वीसला ट्रेवर नेलं. ती दोन मिनिटं उभी राहिली, खाली हॉर्न वाजत होते, मुलगा दारातून हाका मारत होता, तिने काहीच केलं नाही. ‘नाही आली वाटतं’ म्हणून आत आणलं आणि साडेसहाला हॉलमध्ये शू. इथे चूक वेळेची नव्हती, ट्रेवरून आत मोकळं सोडण्याची होती. ट्रेवर पाच मिनिटं थांबावं. झाली नाही तर मोकळं सोडायचं नाही. मांडीवर घ्यायचं किंवा क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात, ठेवायचं, दहा मिनिटांनी पुन्हा ट्रे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीला होतेच, आणि त्यानंतरच खेळ.

साडेसहाच्या शूनंतर कुणीतरी ओरडलं, शूपाशी नेऊन नाक टेकवलं. सहा पंचावन्नची शू सोफ्यामागे झाली ती त्यामुळे. पिल्लीला ‘घरात करू नये’ हे कळलं नाही. तिला एवढंच कळलं की माणसासमोर शू केली की माणूस भडकतो. ती आता लपून करेल. आणि दोन महिन्यांनी आपण तिला पट्टा लावून झाडाच्या आळ्यापाशी नेऊ तेव्हा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा असताना, ती अर्धा तास शू धरून बसेल आणि घरी येऊन पलंगाखाली करेल. त्या एका ओरड्याची किंमत इतकी लांब जाते. होताना दिसली तर न ओरडता पटकन उचलून ट्रेवर न्यायचं, तिथे उरलेली केली तर बक्षीस द्यायचं. होऊन गेलेली दिसली तर पिल्लाला काहीही सांगायचं नाही, फडकं आणायचं.

फडक्याबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे. आपल्या घरांत शू दिसली की हात फिनाइलच्या बाटलीकडे जातो. आपल्या नाकाला फिनाइल म्हणजे स्वच्छ. कुत्र्याच्या नाकाला फिनाइल म्हणजे शूवर आणखी एक वास. खालची शू त्याला लागतेच. शिवाय काळ्या फिनाइलमधली आणि तशाच जंतुनाशकांमधली फिनॉलची रसायनं, पिल्लू ओली फरशी चाटतं म्हणून, त्याच्या पोटात जायला नकोत. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव तर शूसारखेच वास येणारे. पद्धत अशी ठेवावी: आधी कागदाने किंवा जुन्या सुती फडक्याने शू टिपून घ्यायची, पुसायची नाही, पुसल्याने पसरते. मग साधं पाणी. मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमचा क्लीनर, पुरेसा ओतून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा. एन्झाइमला काम करायला ओल आणि वेळ दोन्ही लागतात. फवारून लगेच पुसला तर पैसे वाया. आणि आधी फिनाइल मारलेल्या जागी तो टाकला तर तो नीट काम करत नाही, म्हणून ती जागा आधी पाण्याने दोनदा पुसून घ्यावी. टाइल्समधल्या सांध्यांत शू मुरते, तिथे जास्त वेळ द्यावा. पिल्लू पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जात असेल आणि डाग दिसत नसेल तर रात्री दिवे घालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारावा. वाळलेली शू पिवळट-हिरवी चमकते. सोफ्याच्या पायापाशी बरंच काही सापडतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत शू टिपलेला एक कागद ट्रेच्या गवतावर ठेवून द्यावा. तो वास हीच पिल्लासाठी पाटी.

क्रेटचा उल्लेख वर आला. आपल्याकडे अनेकांना तो तुरुंग वाटतो आणि वापरही कधीकधी तसाच होतो, म्हणून मापाबद्दल बोलतो. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल इतकाच हवा. मोठा घेतला तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू अशी सोय ते करून घेतं, आणि मग क्रेटचा उपयोगच संपतो. लॅब्रॅडोरसाठी मोठा क्रेट घेऊन आत पुठ्ठ्याचा नव्हे, पक्का आडोसा लावावा आणि वाढेल तसा मागे सरकवावा. दिवसा एक-दीड तासाहून जास्त वेळ घरी कुणीच नसेल तर क्रेटमध्ये कोंडू नये. धरता न आल्याने झोपायच्या जागीच शू झाली की स्वच्छतेची ओढ आपणच मोडतो. अशा वेळी चार बाय चार फुटांचं जाळीचं कुंपण, एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला ट्रे.

रात्रीसाठी रडण्याची वाट बघू नये. रडल्यावर उठलो तर रडलं की माणूस येतो हा धडा आधी शिकला जातो. साडेदहाला शेवटची शू, मग दोनचा गजर लावून आपणच जायचं, उचलायचं, ट्रेवर, दिवा न लावता, न बोलता, आणि परत क्रेटमध्ये. पुन्हा साडेपाच-सहाला. तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की दोनचा गजर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकलायचा. बारा आठवड्यांच्या सुमारास बरीच पिल्लं सहा तास झोपतात आणि मधला गजर आपोआप सकाळच्या गजरात मिसळतो.

काही गोष्टी शिक्षणात मोडतच नाहीत. दोन आठवडे नीट चाललेलं पिल्लू अचानक दर दहा मिनिटांनी थेंबथेंब करू लागलं, बसून कुंथत राहिलं, शूत लालसर झाक दिसली, तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो आणि ट्रेवर कितीही नेलं तरी तो बरा होत नाही. डॉक्टरांकडे जाताना सकाळची शू स्वच्छ डबीत घेऊन जावी. उलट्या आणि रक्ताची पातळ शी असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला जावं, ती पार्व्होची लक्षणं असू शकतात. आणि पाहुणे आले, कुणी वाकून डोक्यावर हात ठेवला, की पिल्लू अंग चोरून जागच्या जागी दोन थेंब सोडतं, त्याला शू म्हणूच नये. तो नम्रतेचा प्रकार आहे, वय वाढलं की जातो. पाहुण्यांनी खाली बसून, नजर न रोखता भेटावं, शक्य तर बाल्कनीत.

सोळा आठवड्यांचा डोस झाला आणि डॉक्टरांनी खाली सोडायला परवानगी दिली की स्थलांतर. त्याची वेळ सकाळची पहिली शू, कारण तेव्हा भरलेलं असतं. बाल्कनीच्या वाटेने न जाता थेट कडेवर, लिफ्टने खाली. चालवत नेऊ नये. क्रेटपासून गेटपर्यंत तीन मिनिटं लागतात आणि पिल्लू दुसऱ्या मिनिटाला लिफ्टसमोर बसतं, मग वॉचमनकाकांचं तोंड दिवसभर बघावं लागतं. सोबत ट्रेतला ओलसर गवताचा ढेकूळ पिशवीत घ्यावा आणि झाडाच्या आळ्यात ठेवून पिल्लाला त्याच्यापाशी उभं करावं. दहा मिनिटं. झाली तर घरच्यापेक्षा मोठं बक्षीस आणि त्यानंतर थोडी चक्कर. लगेच घरी परतलं तर शू म्हणजे फेरफटका संपला हे ते शिकेल आणि धरून ठेवायला लागेल. नाही झाली तर वर, पण ट्रेवर नाही. क्रेट किंवा मांडी, पंधरा मिनिटांनी पुन्हा खाली. पहिल्या दिवशी चार फेऱ्याही होतात. शी उचलायला वर्तमानपत्र आणि पिशवी खिशात हवीच.

दुपारच्या आणि रात्रीच्या शूसाठी ट्रे अजून ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ खाली आठवडाभर नीट झालं की दुपारची फेरी जोडायची, मग ट्रेतलं गवत अर्धं करायचं, मग ट्रे काढायचा. जून तोंडावर असेल तर थांबावं. भर पावसात ओल्या आळ्यावर पहिल्यांदा उभं केलेलं पिल्लू कान पाडून आपल्याकडे बघत राहतं, आणि चौथ्या मजल्यावरचा कोरडा ट्रे त्याला चांगला आठवत असतो.